ट आणि त वेगळे का ऐकू येतात? जिभेचे टोक, पाते आणि मूर्धन्य ध्वनी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘वाट’ आणि ‘वात’ या दोन शब्दांत मराठी माणसाची गल्लत होत नाही. मात्र या दोन्ही शब्दांत शेवटच्या व्यंजनाच्या वेळी तोंडातून बाहेर जाणारी हवा पूर्ण अडलेली असते आणि त्या अवधीत कानाला ऐकण्यासारखे काहीच नसते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मग कान फरक ओळखतो तो कशावरून, आणि त्या फरकाच्या मुळाशी असलेली जिभेची ठेवण शास्त्रात कशी सांगतात, एवढ्यापुरतीच ही प्रश्नोत्तरे आहेत. ट-ठ-ड-ढ यांना येथे मूर्धन्य आणि त-थ-द-ध यांना दंत्य म्हटले आहे.

ट आणि त यांत नेमका कशाचा फरक आहे?

दोन्ही अघोष आहेत, दोन्ही अल्पप्राण आहेत, दोन्हींत हवा क्षणभर पूर्ण अडवून मग सोडली जाते. म्हणजे कंठात आणि श्वासात काहीच फरक नाही, सगळा फरक जिभेच्या पुढच्या दोन-तीन सेंटिमीटरांत आहे. हा फरक सांगताना दोन स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. जीभ वर कोठे टेकते हा पहिला प्रश्न, आणि जिभेचा कोणता भाग टेकतो हा दुसरा. संस्कृत शिक्षाग्रंथांत पहिल्याला ‘स्थान’ आणि दुसऱ्याला ‘करण’ म्हणतात. शाळेत ‘ऋटुरषाणां मूर्धा’, ‘लृतुलसानां दन्ताः’ हे पाठ होते, पण त्यात केवळ स्थान येते. करणाचा विचार तेथेच राहून जातो. मूर्धन्य ध्वनींविषयीचे बरेच गैरसमज या राहून गेलेल्या अर्ध्या भागातून निर्माण होतात.

जिभेचे टोक, पाते आणि खालची बाजू म्हणजे नेमके कोणते भाग?

तोंड मिटून जीभ स्वस्थ ठेवली की तिची पुढची कड समोरच्या दातांच्या मागे येते. ही कड म्हणजे टोक. टोकाच्या लगेच मागचा, वरच्या दातांच्या हिरडीखाली येणारा साधारण एक ते दीड सेंटिमीटरचा वरचा पृष्ठभाग म्हणजे पाते. टोक वर उचलून मागे वळवले की समोर येते ती जिभेची खालची बाजू. आरशात ती गुळगुळीत आणि निळसर शिरांची दिसते.

व्यंजन टोकाने उच्चारले तर त्याला एपिकल म्हणतात, पात्याने उच्चारले तर लॅमिनल आणि टोकाखालच्या बाजूने उच्चारले तर सबएपिकल. वरच्या बाजूला पुढून मागे जाताना समोरचे दात, त्यांच्या मागचा हिरडीचा उंचवटा म्हणजे वर्त्स, उंचवट्याच्या मागची चढण आणि त्यापुढे कठोर टाळू अशी ठिकाणे लागतात. बोटाने चाचपले तर उंचवटा संपून टाळूची कमान कोठे सुरू होते ते स्पष्ट कळते, आणि ट समजून घेताना ही जागा ओळखीची असणे फार उपयोगी पडते.

खालचे तीन भाग आणि वरची चार ठिकाणे यांच्या सगळ्या जोड्या जुळत नाहीत. जिभेची खालची बाजू दातांवर टेकवणे निरर्थक कसरत ठरेल, पण पाते आणि टोक मात्र दात, वर्त्स आणि त्यामागची चढण यांपैकी कोठेही टेकू शकतात. म्हणूनच केवळ स्थान सांगून वर्णन पुरे होत नाही. मध्य ऑस्ट्रेलियातील अरेर्न्ट भाषेत जिभेच्या पुढच्या भागाने उच्चारले जाणारे चार वेगवेगळे स्पर्श, म्हणजे हवा पूर्ण अडवणारी व्यंजने, आहेत: दोन पात्याचे, दोन टोकाचे. तेथे स्थान आणि करण दोन्ही सांगितल्याशिवाय चौघांची नीट ओळखच पटत नाही.

प्राचीन ग्रंथांत ट-वर्गाचे वर्णन कसे आहे?

तैत्तिरीय प्रातिशाख्यात ट-वर्गासाठी ‘जिह्वाग्रेण प्रतिवेष्ट्य मूर्धनि टवर्गे’ असे सूत्र आहे. जिभेचे टोक मागे वळवून मूर्धस्थानी स्पर्श करावा, असा त्याचा अर्थ. लगेच पुढच्या सूत्रात त-वर्गासाठी जिभेचे टोक दंतमूलांवर, म्हणजे दातांच्या मुळाशी टेकवण्यास सांगितले आहे.

दोन्ही सूत्रांत करण एकच आहे, जिह्वाग्र. फरक स्थानाचा आहे आणि ‘प्रतिवेष्ट्य’ या क्रियेचा, म्हणजे जिभेच्या आकाराचा. सूत्रकाराने दात न म्हणता दंतमूल म्हटले, हेही बारकाईचे निरीक्षण आहे. मराठी त उच्चारताना आरशात पाहिले तर टोक दातांच्या मागच्या बाजूला लागलेले असते आणि त्याच वेळी पाते वरच्या हिरडीला चिकटलेले असते. संपर्काचा पट्टा दात आणि हिरडी अशा दोन्हींवर पसरलेला असतो. हा त एपिकल म्हणावा की लॅमिनल, हे प्रत्येक बोलणाऱ्यागणिक थोडे बदलते. ज्याचे टोक खालच्या दातांकडे झुकलेले राहते त्याचा त पूर्णपणे पात्याचा असतो, आणि ऐकणाऱ्याला त्यात वावगे काहीच वाटत नाही.

आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत हे कसे दाखवतात?

मूर्धन्य ट साठी `ʈ`, म्हणजे पाय उजवीकडे वळलेला टी, आणि दंत्य त साठी `t̪`, म्हणजे टीच्या खाली दातासारखी खूण. टोकाचा उच्चार दाखवायचा तर हीच खूण उलटी करून `t̺` असे लिहितात आणि पात्याचा दाखवायचा तर खाली छोटा चौकोन देऊन `t̻`.

या लिपीच्या व्यंजनांच्या तक्त्यात एक विसंगती आहे. ‘दंत्य’, ‘तालव्य’, ‘ओष्ठ्य’ हे स्तंभ जागा सांगतात, तर मूर्धन्याचा स्तंभ जिभेचा वळलेला आकार सांगतो. परिणाम असा की जीभ किती मागे टेकते याचे उत्तर `ʈ` या चिन्हात नाही. मराठी, तमिळ आणि नॉर्वेजियन या तिन्ही भाषांतील ध्वनी याच चिन्हाने लिहिले जातात.

मग मराठी ट उच्चारताना जीभ किती मागे जाते?

वर्त्साच्या उंचवट्याच्या मागच्या चढणीपर्यंत, आणि बहुतेक वेळा टोकानेच. पीटर लॅडिफोगेड आणि पेरी भास्करराव यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदी, तमिळ आणि तेलुगू बोलणाऱ्यांच्या मूर्धन्य उच्चारांची तुलना आहे. हिंदीत जिभेचे टोक वर्त्सामागे टेकते. तमिळ आणि तेलुगूत टोक आणखी मागे वळून त्याची खालची बाजू कठोर टाळूला लागते. मराठीची ठेवण सर्वसाधारणपणे हिंदीसारखी आहे. ‘मूर्धन्य म्हणजे जीभ टाळूपर्यंत उलटी वळवायची’ अशी व्याख्या पुष्कळदा दिली जाते, पण ती दाक्षिणात्य ट ला जितकी लागू पडते तितकी आपल्या ट ला पडत नाही.

शिवाय एकाच व्यक्तीच्या तोंडात शेजारच्या ध्वनींनुसार ही जागा सरकते. ‘गाडी’, ‘वाडा’ यांसारख्या शब्दांत दोन स्वरांमध्ये आलेला ड बहुधा पुरता टेकतही नाही. टोक मागून पुढे येता येता टाळूला फटका मारून जाते.

जीभ थोडी मागे गेली तर आवाजात एवढा फरक का पडतो?

घशापासून ओठांपर्यंतची पोकळी ही एक नळी आहे. तिच्यातली हवा काही ठरावीक कंपनसंख्यांना जोराने साथ देते, आणि या साथ मिळालेल्या पट्ट्यांना फॉर्मंट म्हणतात. प्रौढ पुरुषाच्या साडेसतरा सेंटिमीटर लांबीच्या, सर्वत्र सारख्या रुंदीच्या नळीत पहिले चार फॉर्मंट ५००, १५००, २५०० आणि ३५०० हर्ट्झच्या आसपास येतात. जीभ हलली की नळीचा आकार बदलतो आणि हे पट्टे वरखाली सरकतात.

आता जीभ वर टेकू लागली की नळीचे दोन भाग होतात, अडथळ्यामागचा मोठा आणि अडथळ्यापुढचा लहान. फरक घडतो तो पुढच्या लहान भागात. त च्या वेळी अडथळा दातांपाशीच असल्यामुळे पुढे पोकळी जवळजवळ उरत नाही. ट च्या वेळी मात्र ओठांपासून अडथळ्यापर्यंत मोकळी जागा राहते, आणि टोक वर वळल्यामुळे जिभेखाली आणखी एक खळगा तयार होऊन तिला येऊन मिळतो. बाटलीत पाणी कमी असले की तिच्या तोंडावर फुंकल्यावर आवाज जाड येतो, तसेच येथे होते: पोकळी मोठी झाली की तिचा नाद खाली उतरतो.

हिशेबच मांडायचा तर, एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघड्या नळीचा सर्वांत खालचा नाद ध्वनीच्या वेगाला लांबीच्या चौपटीने भागून मिळतो. तोंडातल्या उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३५,००० सेंटिमीटर धरू. पुढची पोकळी तीन सेंटिमीटरांची असेल तर नाद सुमारे २९०० हर्ट्झ येतो. जिभेखालच्या खळग्यामुळे ती चार सेंटिमीटरांइतकी ठरली तर सुमारे २२०० हर्ट्झ. हे ढोबळ गणित आहे, कारण खळगा म्हणजे काही सरळ वाढवलेली नळी नव्हे. तरीही तिसरा फॉर्मंट २५०० वरून खाली का येतो हे त्यातून कळते. तिसऱ्या फॉर्मंटची घसरण ही मूर्धन्याची सर्वांत भरवशाची खूण मानली जाते, आणि पुष्कळदा चौथाही त्याच्यामागोमाग खाली येतो. दंत्याच्या शेजारी तिसरा फॉर्मंट जागच्या जागी राहतो किंवा किंचित वर चढतो.

दुसरी खूण अडथळा सुटतानाच्या छोट्या स्फोटात असते. ट सुटताना हवेचा झोत पुढच्या पोकळीत घुमतो, म्हणून त्याची शक्ती मध्यम उंचीच्या पट्ट्यात एकवटते आणि आवाज टणक वाटतो. त च्या पुढे घुमायला पोकळीच नाही. त्याचा स्फोट क्षीण असतो आणि सगळ्या पट्ट्यांवर विखुरलेला असतो.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर कोणते शब्द घ्यावेत, आणि पडद्यावर काय दिसते?

‘वाट’ आणि ‘वात’ ही जोडी घ्यावी. दोन्हींत आधी व आहे, त्यात जिभेच्या टोकाला काही काम नाही; मग लांब आ आहे आणि शेवटी हवा तो ध्वनी. शांत खोलीत प्रत्येक शब्द पाच-सहा वेळा ‘आता ___ म्हण’ अशा एकाच वाक्यात बसवून ध्वनिमुद्रित करावा. सुटे शब्द यादीसारखे म्हटले की माणूस नकळत उच्चार ठासून करतो, ते टळते.

ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेल्या प्राट या मोफत प्रणालीत फाईल उघडून फॉर्मंट दाखवण्याची सोय सुरू करावी. फॉर्मंटची संख्या ५ आणि वरची मर्यादा पुरुषाच्या आवाजासाठी ५००० व स्त्रीच्या आवाजासाठी ५५०० हर्ट्झ ठेवावी. ‘वात’ मधला आ पुरुषाच्या आवाजात पाहिला तर तिसरा फॉर्मंट २५०० च्या आसपास जवळपास आडवा जातो आणि तसाच शांततेत शिरतो. ‘वाट’ मध्येही स्वराचा पहिला अर्धा भाग असाच दिसतो, पण शेवटच्या पन्नासेक मिलिसेकंदांत तिसरा पट्टा खाली वाकतो आणि वर चढणाऱ्या दुसऱ्या पट्ट्याकडे सरकतो. दोन्ही पट्टे निमुळते होत जवळ येतात, मग शांतता. कान ट ओळखतो तो या वळणावरून. म्हणजे मूर्धन्य व्यंजनाची बातमी त्याच्या आधीचा स्वर देतो.

चूक बहुतेक वेळा मर्यादेच्या आकड्यात होते. स्त्रीच्या किंवा मुलाच्या आवाजाला ५००० ची मर्यादा ठेवली की प्रणाली पाच पट्टे बसवण्याच्या नादात नसलेला पट्टा दाखवते, आणि मग दंत्याच्या आधीही तिसरा फॉर्मंट ‘घसरलेला’ दिसू लागतो. लाल ठिपके मागच्या राखाडी चित्रातल्या काळ्या पट्ट्यावर बसले आहेत की अधांतरी आहेत ते आधी पाहावे. अधांतरी असतील तर आकडा लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

शब्दाच्या सुरुवातीला आलेला ट आणि शेवटी आलेला ट सारखेच स्पष्ट असतात का?

नसतात. जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते खरे, पण हवा अडलेली असतानाच ते पुढे सरकू लागते आणि सुटते तेव्हा वर्त्साच्या बरेच जवळ आलेले असते. त्यामुळे ट मध्ये शिरताना फॉर्मंट जितके वळतात तितके बाहेर पडताना वळत नाहीत. ‘टाक’ आणि ‘ताक’ यांतला फरक म्हणूनच मुख्यतः स्फोटाच्या आवाजावर उभा असतो.

जगातल्या अनेक भाषांत मूर्धन्य व्यंजने शब्दारंभी टाळली जातात, त्याचे कारण या विषमतेत शोधले जाते. मूळ तमिळ शब्द ट ने सुरू होत नाहीत. मराठीत ट, ठ, ड, ढ यांना हे बंधन नाही, पण ण आणि ळ यांनी सुरू होणारे मराठी शब्द नाहीत. या दोघांना ट सारखा स्फोट नसतो. आधीच्या स्वराने दिलेली बातमी हाच त्यांचा मुख्य आधार, आणि शब्दाच्या आरंभी तोच नाहीसा होतो.

‘वीट’ म्हणताना ई थोडा वाकडा होतो असे जाणवते. हा भास आहे का?

भास नाही. ई साठी जिभेचा मधला भाग टाळूकडे उंच आणि पुढे लोटलेला असतो. टोक मागे वळवायचे तर मधला भाग खाली उतरवावा लागतो, आणि दोन्ही एका वेळी नीट साधत नाही. म्हणून ‘वीट’ मध्ये ई संपता संपता अगदी निसटता अ कानाला लागतो; ‘वीत’ मध्ये तो नसतो. प्राटच्या राखाडी चित्रात, म्हणजे स्पेक्ट्रोग्रामवर, दुसरा फॉर्मंट ई च्या उंचीवरून ट च्या अलीकडे खाली येताना दिसतो. तडजोड दोन्ही बाजूंनी होते: ‘वीट’ मधला ट हा ‘वाट’ मधल्या ट पेक्षा पुढे टेकतो. मूर्धन्याचे वर्णन करताना शेजारचा स्वर कोणता होता हे न सांगणाऱ्या आकड्यांवर म्हणूनच फारसे विसंबू नये.

संस्कृतात ‘रामेण’ पण ‘रथेन’ असे का, आणि त्याचा येथे काय संबंध?

संबंध थेट आहे. शब्दात आधी र, ष किंवा ऋ असेल तर पुढच्या न चा ण होतो, आणि मध्ये कोणते वर्ण आलेले चालतात हे पाणिनीने ‘अट्कुप्वाङ्नुम्व्यवायेऽपि’ (८.४.२) या सूत्रात सांगितले आहे: स्वर, ह-य-व-र, क-वर्ग, प-वर्ग इत्यादी. चालणाऱ्या व्यंजनांची यादी पाहिली तर क-वर्ग जिभेच्या मागच्या भागाने होतो आणि प-वर्ग ओठांनी. जिभेचे टोक या काळात मोकळे असते, म्हणून र च्या वेळी घेतलेली वळलेली ठेवण ‘रामेण’ मध्ये म ओलांडून न पर्यंत टिकते. ‘रथेन’ मध्ये थ साठी टोकाला दातांपाशी यावे लागते आणि ती ठेवण मोडते. हे स्पष्टीकरण आधुनिक आहे, पण सूत्रातली यादी त्याच्याशी इतकी जुळते की टोकाचा स्वतंत्र विचार करण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

इंग्रजी टेबल, डॉक्टर यांत आपण ट-ड का ऐकतो? त्या भाषेत तर मूर्धन्य नाहीत.

इंग्रजीतले हे ध्वनी बहुधा जिभेच्या टोकाने वर्त्सावर होतात, म्हणजे आपल्या त च्या मागे आणि ट च्या पुढे. मधल्या जागेसाठी मराठीत वेगळा खण नाही, तेव्हा कानाला निवड करावी लागते. टोकाचा उच्चार आणि त्याचा टणक स्फोट ट च्या बाजूने झुकते माप देतात. शिवाय दंत्य खण आधीच भरलेला असतो: इंग्रजी ‘थिएटर’, ‘थर्मामीटर’ यांतला आरंभीचा ध्वनी दातांपाशी होतो आणि तो थ कडे जातो. पोर्तुगीजांचे त-द दातांपाशी होतात, म्हणून पाद्री आणि बादली हे शब्द द घेऊनच आले. बटाट्याने मात्र हा नियम पाळला नाही. मूळ पोर्तुगीज शब्दात दोन्ही ठिकाणी दंत्य असूनही मराठीत दोन्ही ठिकाणी ट आहे.

मधल्या जागेलाही खण असलेली भाषा म्हणजे मल्याळम. तेथे दंत्य ‘कुत्ति’ म्हणजे टोचले, मूर्धन्य ‘कुट्टि’ म्हणजे मूल, आणि या दोहोंच्या मध्ये वर्त्सावर उच्चारायचा तिसरा शब्द आहे, त्याचा अर्थ खुंटी. मराठी कानाला हा तिसरा शब्द देवनागरीत कसा लिहावा हेच समजत नाही.

जीभ नेमकी कोठे टेकली हे यंत्राशिवाय पाहता येते का?

येते. खाण्याच्या तेलात औषधी कोळशाची बारीक पूड कालवून तो लेप जिभेच्या टोकावर, पात्यावर आणि टोकाखालच्या बाजूवर लावायचा आणि एकच शब्द एकदाच म्हणायचा. मग तोंड उघडे ठेवून छोट्या आरशाने वरच्या टाळूचे छायाचित्र घ्यायचे; जीभ जेथे टेकली तेथे काळा डाग उमटलेला असतो. यावरून स्थान कळते. करण कळण्यासाठी तोंड धुऊन उलटे करायचे: लेप टाळूला लावायचा, तोच शब्द पुन्हा म्हणायचा आणि जिभेचा कोणता भाग काळा झाला ते पाहायचे. ‘वाट’ नंतर केवळ कडेवर काळे आले तर उच्चार टोकाचा. कडेखाली निळसर भागावरही आले तर सबएपिकल.

शब्द असा हवा की त्यात जिभेच्या पुढच्या भागाने होणारे व्यंजन एकच असेल. ‘वाट’, ‘पाट’, ‘काठ’ चालतील. ‘नीट’ चालणार नाही, कारण न चा आणि ट चा डाग एकमेकांत मिसळतील. जीभ तोंडात शिरलेल्या आरशाला किंवा दातांना नकळत लागली तरी प्रयोग वाया जातो. म्हणून शब्द संपताच जीभ हलवायची नाही.

प्रयोगशाळेतल्या साधनांनाही मर्यादा आहेत. हनुवटीखाली धरलेल्या अल्ट्रासाउंडमध्ये जिभेचा बाकीचा भाग छान दिसतो, पण वळलेल्या टोकाखाली हवा असते, तिच्यातून लहरी पलीकडे जात नाहीत आणि नेमके टोकच चित्रातून गायब होते. विद्युत्-टाळूवर, म्हणजे इलेक्ट्रोड बसवलेल्या कृत्रिम टाळूवर, स्पर्शाची जागा क्षणाक्षणाला नोंदली जाते, परंतु स्पर्श टोकाने केला की पात्याने हे तो सांगू शकत नाही. आकार पाहायचा असेल तर एमआरआयची चलत्-चित्रे सर्वांत उपयोगी, मात्र त्यांत दात उमटत नाहीत आणि दंत्याची बरोबर जागा अंदाजाने ठरवावी लागते.

फोनवर ट आणि त यांत गोंधळ होतो का?

जुन्या दूरध्वनीच्या वाहिनीतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. तिसऱ्या फॉर्मंटचे वळण त्यात पूर्ण बसते, म्हणून ‘वाट’ आणि ‘वात’ वेगळे राहतात. स्फोटाचा वरचा भाग कापला जातो, त्यामुळे शब्दारंभीचे ‘ताक’ आणि ‘टाक’ तुलनेने अवघड होतात.

परदेशात वाढलेल्या मुलांना किंवा प्रौढ शिकणाऱ्यांना हा फरक का ऐकू येत नाही?

जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी वातावरणातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले दंत्य आणि मूर्धन्य वेगळे ओळखता आले. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत ही क्षमता बरीच ओसरलेली आढळली. ज्या मुलांच्या कानावर घरात रोज मराठी पडते त्यांना ही अडचण सहसा येत नाही. ज्यांना इंग्रजी पक्की झाल्यावर मराठी शिकायची आहे त्यांचा कान दोन्ही ध्वनी मधल्या वर्त्स्य खणात टाकतो, आणि ती जागा जिभेलाही सवयीची असल्याने उच्चारही तोच निघतो.

अशा शिकणाऱ्यांना सहसा ‘टा, ता’ असे आरंभीचे ध्वनी ऐकवून सराव दिला जातो. वर सांगितलेल्या कारणाने तो सर्वांत अवघड भाग आहे. त्याऐवजी ‘आट, आत’, ‘वाट, वात’, ‘साठ, साथ’ या क्रमाने सुरुवात करावी, स्वर थोडा लांबवून म्हणावा आणि स्वराच्या शेवटाकडे लक्ष देण्यास सांगावे. उच्चारासाठी आरसा पुरतो. ‘आत’ म्हणताना जीभ सपाट येऊन टोक वरच्या दातांच्या मागे दिसले पाहिजे; ‘आट’ म्हणताना तोंड उघडे ठेवून टोकाखालची निळसर बाजू दिसली पाहिजे. शिकणाऱ्याला ती दिसत नसेल, पण त्याचा ट तरीही जड वाटत असेल, तर तो टोक न वळवता पाते मागे नेतो आहे आणि त्याच्या ‘वाट’ ला ‘वाच’ ची छटा येईल. तेथे जीभ आणखी मागे न्यायला सांगू नये. टोक मोकळे करून वर उभे करण्यास सांगावे.